भजनापूर्वीची तीन मिनिटे

भजनसंध्या सुरू होण्यापूर्वी मंडळातर्फे कोणीतरी उभे राहून थोडे बोलते. वडीलधाऱ्यांचे स्वागत करायचे, आज कोणते अभंग होणार आणि तेच का, हे सांगायचे आणि बसायचे, एवढाच या प्रास्ताविकाचा व्याप असतो. तो तीन मिनिटांत आटोपतो. पण गावोगावी ऐकू येणारी प्रास्ताविके पंधरा-वीस मिनिटे चालतात, कारण बोलणारा माणूस नकळत सभेची रीत देवळात आणतो. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे, शाल-श्रीफळ, देणगीदारांचे आभार, मंडळाचा इतिहास आणि मग संतसाहित्याचे महत्त्व, हा क्रम सभागृहात चालून जातो. टाळ हातात घेऊन बसलेल्या माणसांपुढे तो चालत नाही.

याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. भजनाला बसण्यापूर्वी पखवाजवादक डाव्या पुडीला ओली कणीक लावतो, उजवी पुडी हातोडीने पेटीच्या सुराला आणून ठेवतो आणि मग वाट पाहत बसतो. कणीक वाळू लागली की डाव्या बाजूचा खर्ज बदलतो. तिला पुन्हा पाण्याचा हात लावावा लागतो, कधी काढून नव्याने लावावी लागते. बुवांचा गळा, वीणेची तार, टाळकऱ्यांची बैठक हे सगळे त्याच वेळी तयार झालेले असते. प्रास्ताविक लांबले की पहिला अभंग थंड वाद्यांवर आणि सैलावलेल्या बैठकीवर सुरू होतो. म्हणून जाणती मंडळे उलटा हिशेब करतात. वाद्ये लावायला घेतली की बोलणाऱ्याने उठायचे आणि पखवाजाची शेवटची थाप जुळेपर्यंत बसायचे. श्रोते एरवी कुजबुजत बसतात तो वेळ त्यामुळे कामी येतो.

जागेचाही प्रश्न असतो. वारकरी पद्धतीच्या भजनात वीणा गळ्यात घातली आणि नामाचा गजर सुरू झाला, की मध्ये भाषण करणे शोभत नाही. गजरापासून रूपाच्या अभंगापर्यंत आणि तिथून पुढे भजन एका ओघात जायचे असते. त्यामुळे पूजा आणि गंध-बुक्का झाल्यानंतर, पण वीणा उभी राहण्याच्या आधी, ही प्रास्ताविकाची नेमकी जागा. काही ठिकाणी दोन-तीन अभंग झाल्यावर ‘आता दोन शब्द’ म्हणून कोणी उठते. तोवर जमलेला रंग तिथेच उतरतो आणि बुवांना पुन्हा मुळापासून चढावे लागते.

वडीलधाऱ्यांचे स्वागत हा या बोलण्यातला सर्वांत नाजूक भाग. सभेत मान उतरंडीने दिला जातो. वारकऱ्यांमध्ये मात्र एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो आणि दोघेही एकमेकांना माउली म्हणतात. अशा ठिकाणी पाच जणांची नावे घेऊन बाकीच्यांना ‘उपस्थित सर्व’ म्हणून गुंडाळले की पाच जणांचा मान झाला असे कोणाला वाटत नाही. साठ जणांना वगळले असेच वाटते. गावात हे पुढे वर्षभर निघत राहते. नाव चुकून राहिलेले आजोबा काही बोलत नाहीत, पण पुढच्या एकादशीला टाळ घेऊन येत नाहीत. यावर जुना आणि सोपा उपाय आहे. नावे घ्यायची नाहीत, घ्यायचीच तर फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घ्यायची, आणि ज्येष्ठांना त्यांच्या कामावरून ओळखायचे: पन्नास वर्षे टाळ धरणारे, काकड्याला पहाटे देऊळ उघडणारे, जात्यावर ओव्या म्हटलेल्या, वारी चालून आलेले. प्रत्येक जण स्वतःला त्यात शोधून घेतो आणि कोणी सुटत नाही.

स्वागताला कृतीची जोड नसली तर ते पोकळ ठरते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीकडेला खुर्च्या, पुढच्या ओळीत ऐकू कमी येणाऱ्यांना जागा, पाण्याचे तांबे, रात्री घरी सोडायला कोण जाणार याची व्यवस्था, हे आधी करून ठेवायचे आणि बोलताना एका वाक्यात सांगायचे. अनेक म्हातारी माणसे खुर्चीवर बसायला लाजतात. देवापुढे उंच कसे बसायचे, हा संकोच असतो. तो संकोच माइकवरून मोकळेपणाने काढला, तर तेवढ्यानेच निम्मे स्वागत होते.

आता विषय सांगण्याकडे. दोन-अडीच तासांच्या बैठकीत साधारणपणे आठ ते दहा अभंग होतात, कारण एकेक चरण घोळवून, पुन्हा पुन्हा म्हणून पुढे जायचे असते. एवढ्या अभंगांना बांधणारा धागा बारीक हवा. ‘भक्ती’, ‘संतांची शिकवण’ असले विषय इतके रुंद असतात की त्यांत कोणताही अभंग बसतो आणि श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. ‘जनाबाई’ हासुद्धा विषय म्हणून मोठाच. ‘जनाबाईच्या घरकामात देव कसा येतो’ एवढा केला की तो धरता येतो. प्रास्ताविकाने अभंगांचा अर्थ सांगायचा नसतो, ते बुवांचे आणि अभंगांचे काम. श्रोत्याने प्रत्येक अभंगात काय शोधायचे, एवढाच प्रश्न त्याच्या हाती द्यायचा.

जनाबाईचे उदाहरण इथे शेवटपर्यंत चालवून पाहता येते. आषाढ वद्य त्रयोदशी ही संत नामदेवांची पुण्यतिथी. शके १२७२ मध्ये, म्हणजे इ.स. १३५० साली, पंढरपूरच्या महाद्वारी त्यांनी समाधी घेतली, असे परंपरा मानते, आणि त्याच दिवशी जनाबाईही गेली असेही मानते. तिथी आषाढी एकादशीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी येते, त्यामुळे वारीला गेलेली माणसे तोवर गावी परतलेली असतात. त्या संध्याकाळी सहसा नामदेवांचे अभंग होतात आणि जनाबाईच्या वाट्याला एखाद-दुसरा येतो. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या भजनी मंडळाने ती संध्याकाळ सगळीच जनाबाईला द्यायची ठरवली, तर प्रास्ताविक करणाऱ्याला काय ठाऊक असायला हवे?

जनाबाई मूळची परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच तिला पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आणून सोडले गेले आणि तिथे काम करत तिचे आयुष्य गेले, अशी तिची कथा. अभंगाच्या शेवटच्या चरणात ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि ते नामदेवांच्या गाथेबरोबर छापले जात आले आहेत. त्यांतले सगळे तिचेच का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तिच्या नावावर ‘थाळीपाक’ आणि ‘हरिश्चंद्राख्यान’ अशी पौराणिक आख्यानेही आहेत. प्रास्ताविकात यातले काहीच मांडायची गरज नाही. मात्र अभंग निवडताना ही माहिती उपयोगी पडते, कारण जनाबाईवर लिहिलेली विसाव्या शतकातली चित्रपटगीते आणि भावगीते आज तिचेच अभंग म्हणून सर्रास गायली जातात. शेवटच्या चरणात जनीची मुद्रिका नसेल तर शंका घ्यावी. मुद्रिका असली म्हणजे अभंग तिचाच, असेही नाही. गाथा उघडून पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग.

तिच्याभोवतीच्या कथा बहुतेक श्रोत्यांना पाठ असतात. विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. गोवऱ्यांवरून भांडण झाले तेव्हा तिच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले आणि त्यावरून कबीरांनी तिला ओळखले. देवाचे पदक चोरल्याचा आळ आला, सुळावर चढवायला नेले आणि सुळाचे पाणी झाले. प्रास्ताविक करणाऱ्याला मोह होतो तो शेवटची कथा सांगण्याचा, कारण तीत नाट्य आहे. आपल्या धाग्यासाठी मात्र जात्याची कथाच कामाची आणि तीही चमत्कार म्हणून सांगू नये.

जाते एकटीने ओढणे जड असते. मोठ्या जात्यावर दोघी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर येत, एकीने ढकलले की दुसरी ओढून घेई आणि मोकळ्या हाताने कोणी तरी मुठीने धान्य, म्हणजे वैरण, जात्याच्या तोंडात टाकत राही. दासीला मालकाच्या मोठ्या कुटुंबाचे दळण पहाटेपूर्वी उरकायचे असे आणि समोर बसायला कोणी नसे. समोरची ती रिकामी जागा जनाबाईच्या अभंगात विठ्ठलाने भरलेली आहे. ज्याने जाते कधी ओढले नाही, त्याला ही भोळ्या भक्तीची गोष्ट वाटते. ज्या बाईने ओढले आहे, तिला तिच्यातले सगळे वजन कळते.

आणि अशा बायका त्या संध्याकाळी समोरच बसलेल्या असतात. महाराष्ट्राच्या खेड्यांत विजेच्या गिरण्या पोचल्या त्या हळूहळू. आज पंच्याहत्तरी-ऐंशीत असलेल्या कित्येक आज्यांनी तरुणपणी जात्यावर दळले आहे आणि दळताना ओव्या म्हटल्या आहेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या अशाच बायकांच्या तोंडून. म्हणजे या विषयापुरती जाणकार मंडळी श्रोत्यांतच आहेत. त्यामुळे या प्रास्ताविकात ज्येष्ठांचे स्वागत आणि विषयाची ओळख ही वेगळी ठेवायची गरजच उरत नाही. आज्यांना दंडवत घालताना त्यांच्या जात्याची आठवण काढली की विषय तिथेच उघडतो.

असे प्रास्ताविक साधारण पुढीलप्रमाणे होऊ शकते.

“रामकृष्णहरी, माउली. मंडळाच्या वतीनं सगळ्या आजी-आजोबांना दंडवत. तुमच्यातली काही मंडळी पंढरीहून परतली, त्याला फार दिवस झालेले नाहीत. पायाचे फोड अजून बसायचे आहेत, तरी देवळाच्या पायऱ्या चढून आलात. शेजारच्या वाडीवरचे टाळकरी आलेत, त्यांनाही दंडवत. खाली बसणं जमत नसेल त्यांच्यासाठी भिंतीकडेला खुर्च्या आहेत. लाजू नका. खुर्चीवरून वाजवलेला टाळही देवाला ऐकू येतो.

“आज नामदेवरायांची पुण्यतिथी आणि त्यांच्या घरी राबलेल्या जनाबाईचीही. नामदेवांचे अभंग आपण वर्षभर म्हणतो. आज रूपाचा अभंग झाला की तिथून भैरवीपर्यंत सगळे अभंग जनाबाईचे.

“जनाबाई गंगाखेडची. लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि जन्मभर तिथंच राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, धुणं, गोवऱ्या. तिचा देव गाभाऱ्यात थांबत नाही, तो उठून तिच्या कामाला हात लावतो. आज प्रत्येक अभंग ऐकताना एवढंच बघा: या अभंगात देव कुठलं काम करतोय?

“इथं बसलेल्या कितीतरी आज्यांनी पहाटेच्या अंधारात जातं ओढलंय. एकटीनं ओढलं की जातं जड लागतं, समोर जाऊ किंवा नणंद येऊन बसली की हलकं होतं, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. जनाबाईच्या समोर बसायला कोणी नव्हतं. पोरांनो, तुम्ही जातं पाहिलं असेल ते लग्नाच्या हळदीला. दळणाचा अभंग झाला की शेजारच्या आजीला विचारा, खुंटा कुठं असतो आणि वैरण कशी टाकायची.

“तासाभरानं बुवा जरा थांबतील. तेव्हा कुणा आजीला जात्यावरची ओवी आठवली तर बसल्या जागेवरून म्हणा, माइक तुमच्यापर्यंत येईल. बुवा, आता तुम्ही सुरू करा. बोला, पुंडलिकवरदा...”

सावकाश बोलले तरी हे सव्वादोन-अडीच मिनिटांत संपते. तीन मिनिटांपैकी उरलेला वेळ माइक नीट करण्यात आणि मागून येणाऱ्यांना जागा देण्यात जातोच. यात नाव एकाचेही नाही, अभंगाचा एकही चरण वाचलेला नाही. चरण आधीच वाचून दाखवला की बुवांनी तो गायला घेतल्यावर त्याची धार बोथट होते. ही चूक अभ्यासू वक्त्यांकडूनच जास्त होते, कारण त्यांना चरण पाठ असतात.

तारखा आणि अभंगांची संख्या इथे मुद्दाम नाही. शके कोणते, अभंग किती, हे ऐकताना म्हातारी माणसे आदराने मान डोलावतात आणि मुले मोबाइलकडे वळतात. कोणी विचारलेच तर प्रसाद घेताना सांगता येते. उलट जावेचा-नणंदेचा उल्लेख आहे, कारण तो काढला की बायकांच्या बाजूला हसू फुटते आणि एकमेकींकडे पाहणे सुरू होते. हीच बोलणाऱ्याला मिळणारी खूण: विषय पोचला. ती खूण मिळाल्यावर आणखी उदाहरणे देत बसू नये.

रूपाच्या अभंगाचा उल्लेखही विनाकारण नाही. विटेवरच्या विठ्ठलाचे वर्णन करणारा अभंग आधी म्हणण्याची वारकरी भजनाची रीत आहे, आणि गावात सहसा तो तुकोबांचा असतो. विषय जनाबाईचा ठेवून पहिलाच अभंग तुकोबांचा आला, की जाणकार श्रोता बुचकळ्यात पडतो. अर्ध्या वाक्यात ते सांगून टाकले की अडचण मिटते. रीत मोडून पहिल्यापासून जनाबाई लावावी, असा हट्ट काही उत्साही कार्यकर्ते धरतात. तो धरू नये, ज्येष्ठांना तेवढी एक गोष्ट खटकून राहते.

शेवटचे वाक्य आधी बुवांशी आणि वीणेकऱ्याशी ठरवलेले हवे. ‘बुवा, आता तुम्ही’ हे शब्द आले की पेटीचा सूर भरायचा आणि जयघोष संपताच नाम उचलायचे, एवढी जुळणी पुरते. भाषण ‘धन्यवाद’ म्हणून संपवले तर टाळ्या पडतात, टाळ्यांनंतर क्षणभर रिकामी शांतता येते आणि तिच्यातून भजन सुरू करावे लागते. जयघोषावर संपवले तर सगळी बैठक एका आवाजात उत्तर देते आणि त्याच आवाजावर गजर उभा राहतो. आवाज नीट बसला नसेल तर बुवा तोच जयघोष पुन्हा घेतात.

बिघडते कुठे, हेही ठरलेले आहे. पहिले लक्षण टाळकऱ्यांच्या हातात दिसते. ते टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळू-सोडू लागतात. मग पखवाजवादक पुडीवर हलकेच बोट मारून पाहतो. त्यानंतरही बोलणे चालू राहिले, तर मागे बसलेले एखादे आजोबा स्वतःच ‘रामकृष्णहरी’ म्हणतात, आणि तो अपमान मानू नये. दुसरा बिघाड ऐनवेळी येणाऱ्या पाहुण्यांमुळे होतो. प्रास्ताविक संपत आले आणि गावातली एखादी मोठी असामी दारात आली, की आयोजक पुन्हा माइक धरायला लावतात. अशा वेळी उभे राहून नमस्कार करावा, जागा दाखवावी आणि पुढे चालावे. नाव घ्यायचेच तर ते शेवटच्या आभारात घेता येते. देणगी, मांडव, प्रसाद, ध्वनिक्षेपक यांचे आभारही तिथेच. आरंभीच्या बोलण्यात पैशाचा विषय आला की ज्येष्ठांना केलेला दंडवतही त्याच हिशेबातला वाटू लागतो.

दोन अभंगांच्या मध्ये निवेदन करायची पद्धत अलीकडे शहरांतल्या भजनसंध्यांतून गावांतही आली आहे. सूत्र धरलेल्या संध्येत ती उपयोगी पडते, पण एका अभंगामागे एकच वाक्य, तेही बुवांनी पुढचा सूर शोधेपर्यंत. जनाबाईच्या संध्येत ते वाक्य कामाचे नाव सांगण्यापुरते असावे: हा दळणाचा, हा पाणी भरण्याचा, हा वेणीफणीचा. मध्यंतरात आजीची ओवी झाली, तर तिच्यानंतर निवेदन नकोच. बुवांनी तिच्याच लयीवर पुढचा अभंग उचलायचा. ओवी आणि अभंग यांची ठेवण जवळची असल्यामुळे हे पेलते. पेटीवाल्याला मात्र आजीचा सूर शोधावा लागतो, आणि बहुधा तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी असतो. तेवढ्यापुरती पेटी बंद ठेवून टाळावरच ओवी होऊ द्यावी, मग नेहमीची पट्टी धरून पुढे जावे.